मावशीच्या हातचा कच्चा अर्ज पक्का करताना: वारस नोंदीचं एक उदाहरण

प्रश्न: माझी मावशी ७८ वर्षांची, मालवण तालुक्यात राहते. काका मागच्या वर्षी वारले. सातबाऱ्यावर नावं लावायला तिने वहीच्या पानावर स्वतः अर्ज लिहिलाय आणि ‘जरा नीट करून दी’ म्हणून माझ्याकडे दिलाय. मजकूर असा:

‘तलाठी साहेब यांसी नमस्कार. आमचे घरातले मागच्या आषाढात वारले. त्यांचो सातबारो माझ्या आणि पोरांच्या नावान करूचो आसा. भरडावरची कलमा, खालचो मळो आणि घराकडची जागा. मळो सध्या शेजारी करता. थोरलो मुंबैक आसा, धाकटो म्हणता त्याचा नाव नको, पण मी तसा म्हणत नाय. चेडू लग्न होऊन देवगडाक, तिचा पण नाव होया. माका वाटणी नको, माझा नाव तेवढा वर घाला. मी आसय तोपर्यंत कोणी विकू नये. माझ्या मागे घर धाकट्याक. म्हातारपणी खेपा मारूक जमाचा नाय.’

तिचं म्हणणं न बदलता याचा औपचारिक अर्ज कसा करू?

उत्तर:

या एका पानात चार वेगवेगळ्या विषयांचा मजकूर आहे. जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो. घराच्या नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे जातो. ‘माझ्या मागे घर धाकट्याक’ हा मृत्युपत्राचा विषय आहे. आणि धाकटा काय म्हणतो, ती घरात बोलून मिटवायची गोष्ट आहे. हे चारही एकाच अर्जात कोंबले तर तलाठी त्यातलं आपल्या कामाचं उचलेल आणि बाकीचं कागदावर पडून राहील. पुढे कोणी तरी त्याचा स्वतःला सोयीचा अर्थ लावेल. म्हणून भाषा सुधारायला बसण्याआधी कुठलं वाक्य कुठल्या कागदात जाणार, हे ठरवून घ्या.

त्याआधी मूळ पानाचा फोटो काढा आणि त्या पानावर पेनाची एकही खूण करू नका. मग दुसऱ्या कागदावर ते जसंच्या तसं उतरवा, मालवणीसकट. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. न लागणारा शब्द अंदाजाने भरू नका, तिथे चौकट काढून ठेवा. जुन्या तिरक्या अक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात, ‘ख’ हा ‘रव’ वाटतो. हिस्सा नंबरात ही चूक झाली तर अर्ज दुसऱ्याच्याच जमिनीवर जाऊन बसतो. आकडा वाचून खात्री होत नसेल तर तो कागदपत्रावरूनच घ्यायचा.

आता मजकूर. मावशीने काकांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, ‘आमचे घरातले’ एवढंच आहे. त्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचं नाव न लिहिणं साहजिक आहे, पण अर्जाचा सगळा डोलारा त्याच नावावर उभा राहतो. ते नाव तुम्ही तुमच्या आठवणीतून लिहू नका. मृत्यूचा दाखला आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवा. कोकणात दाखल्यावर ‘पांडुरंग’ आणि सातबाऱ्यावर ‘बाबी’ हा प्रकार फार आढळतो, कारण जुन्या नोंदी गावात ज्या नावाने हाक मारत त्याच नावाने झालेल्या आहेत. फरक असेल तर अर्जात ‘पांडुरंग ऊर्फ बाबी’ असं लिहा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. हा फरक सुरुवातीलाच मांडला नाही तर चौकशीच्या वेळी अर्ज अडतो, आणि मावशीला नको असलेल्या खेपा तिथूनच सुरू होतात.

‘मागच्या आषाढात’ याचंही तसंच. तिथीवरून पंचांग बघून तारीख काढू नका, दाखल्यावरची तारीख घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मावशीला उशीर झालाय. उशिराने वारसाचा हक्क जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण नेमकं इथेच मदत करणाऱ्याचा हात घसरतो. अर्ज वजनदार व्हावा म्हणून ‘आजारपणामुळे विलंब झाला’ असं वाक्य सहज घातलं जातं. मावशीने ते म्हटलेलं नाही. ‘खेपा मारूक जमाचा नाय’ हे तिने पुढच्या कामाबद्दल लिहिलंय, झालेल्या उशिराबद्दल नाही. उशीर का झाला हे तिला विचारा. ती सांगेल ते एका वाक्यात लिहा, आणि तिला काही सांगायचं नसेल तर कारण न देता तारीख तेवढी द्या.

जमिनीचं वर्णन हा भाग कष्टाचा आहे. भरड, मळा, घराकडची जागा ही नावं गावात सगळ्यांना कळतात, पण अभिलेखात ती नसतात. तिथे गट किंवा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लागतो. काकांच्या नावचा गाव नमुना आठ-अ काढा. त्या गावात एका खातेदाराच्या नावे असलेली सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. मग प्रत्येक नंबराचा सातबारा काढा. bhulekh.mahabhumi.gov.in वर दिसणारी प्रत नुसती पाहण्यापुरती असते, अर्जाला जोडायला डिजिटल सहीची किंवा तलाठ्याच्या सहीची प्रत घ्या. सगळे उतारे घेऊन मावशीजवळ बसा आणि कुठला नंबर म्हणजे कुठली जागा हे तिच्याकडून लावून घ्या. क्षेत्र, आकार, लगतचे नंबर, आत विहीर किंवा मांगर आहे का, एवढ्यावरून ती ओळखते.

हे करताना हमखास असं होतं की मावशीने तीन जागा लिहिलेल्या असतात आणि आठ-अ वर पाच नंबर निघतात. कुठे तरी कातळाचा तुकडा असतो, कुठे व्हाळाकडेची दोन गुंठ्यांची पट्टी सामाईकात असते. हे जादा नंबर तिला न विचारता अर्जात घालू नका आणि न विचारता गाळूही नका. बहुतेक वेळा ती विसरलेली असते आणि ‘घाल, घाल’ म्हणते. पण एखादा तुकडा भावबंदांनी तोंडी वाटून घेतलेला असतो आणि तो तिने मुद्दामच लिहिलेला नसतो. तसं असलं तरी अभिलेखात काकांचं नाव आहे तोवर वारस नोंद सगळ्याच नंबरांना होणं योग्य, हे तिला सांगा. शेवटचा निर्णय तिचा. शेजारच्या गावातही काकांची जमीन असेल तर त्या गावासाठी अर्ज वेगळा लागेल.

आता सगळ्यात जोखमीच्या वाक्याकडे येऊ. ‘माका वाटणी नको.’ याचे दोन अर्थ निघतात. एक, जमीन सामाईक राहू दे, मोजणी करून माझा तुकडा वेगळा काढायला मी सांगत नाही. दुसरा, मला हिस्साच नको. लगेच पुढे ‘माझा नाव तेवढा वर घाला’ असं तिने लिहिलंय, त्यावरून पहिला अर्थ दिसतो. पण सफाईदार मराठी लिहिणाऱ्याच्या हातून इथे ‘मी माझा हिस्सा मागत नाही’ किंवा ‘माझ्या हिश्श्यावर माझा दावा नाही’ असं पटकन उतरतं. कानाला ते तिच्याच वाक्यासारखं लागतं आणि कागदावर उलटं होऊन बसतं. हक्क सोडायचाच तर त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्याच्या अर्जातल्या एका ओळीने हिस्सा कायदेशीररीत्या जात नाही. तरीही अशी ओळ सरकारी फायलीत तिच्या सहीने राहते, आणि ‘आईने तेव्हाच लिहून दिलं होतं’ म्हणून उद्या तिच्याच समोर ठेवली जाते.

म्हणून अर्थ तिच्याकडूनच काढून घ्या, आणि विचारताना उत्तर तिच्या तोंडात घालू नका. ‘म्हणजे तुला हिस्सा नकोच ना?’ असं विचारलंत तर दमलेली म्हातारी बाई ‘होय’ म्हणून मोकळी होईल. त्यापेक्षा विचारा, ‘मावशी, हा वाक्य लिवलंस तेव्हा पुढे काय होऊचा असा तुझ्या मनात होता?’ तिचं उत्तर तिच्याच शब्दांत टिपून घ्या. मग दोन्ही अर्थ उदाहरणाने सांगा: ‘जमीन एकत्र रवतली, सातबाऱ्यार तुझा नाव रवतला’ आणि ‘सातबाऱ्यार तुझा नावच रवाचा नाय’. थोड्या वेळाने हेच क्रम उलटून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते पक्कं. हे बोलणं धाकटा किंवा त्याची बायको समोर नसताना करा. ते वाईट आहेत असं नव्हे, पण ज्यांच्याकडे ती राहते त्यांच्यासमोर तिला मोकळेपणी बोलता येणार नाही.

पहिला अर्थ पक्का झाला की वाक्य असं होईल: ‘हा अर्ज केवळ वारस नोंदीसाठी आहे, सध्या जमिनीच्या वाटपाची मागणी मी करीत नाही.’ ‘सध्या’ हा शब्द मूळ पानात नाही, तो तुम्ही घालताय. त्याने पुढे वाटप मागण्याची वाट मोकळी राहते. तिला ते हवंय का, हे विचारूनच तो ठेवा.

थोरल्याच्या बाबतीत तिचं म्हणणं स्वच्छ आहे: त्याचं नाव गाळायचं नाही. पण ‘धाकटो म्हणता त्याचा नाव नको’ हे वाक्य जसंच्या तसं अर्जात आलं तर घरातला वाद सरकारदरबारी नोंदला जातो, आणि धाकट्याने ते वाचलं की ती त्याच घरात राहायची आहे. तिला कळवायचंय ते वारसांच्या यादीत थोरल्याचं नाव आलं की कळवलं जातं. त्यावर आणखी एक ओळ हवी असल्यास ‘वरीलपैकी कोणत्याही वारसाचे नाव वगळावे असे माझे म्हणणे नाही’ अशी लिहा. काही जण ‘वगळण्यास माझी सक्त हरकत आहे’ असं लिहितील. तिने एवढा आवाज चढवलेला नाही. ‘मी तसा म्हणत नाय’ यातली धार तेवढीच ठेवा.

मळ्याबद्दलची ओळ अशीच नाजूक आहे. ‘मळो सध्या शेजारी करता’ हे तिने सहज लिहून टाकलंय. ते औपचारिक करताना ‘सदर जमीन शेजारी कसत असून त्याचा ताबा आहे’ असं झालं, तर मावशीच्याच सहीने परक्याचा ताबा मान्य केल्याचा कागद तयार होतो. १९४८ च्या कूळ कायद्यात दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा, घरातला माणूस किंवा मजूर वगैरे नसेल तर, कूळ मानला जाण्याची तरतूद आहे. कोकणात अशा ओळींवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. वारस नोंदीला कोण कसतो याची गरज नसते, त्यामुळे ही ओळ या अर्जातून काढता येते. पण चुपचाप काढू नका. का काढली हे तिला सांगा. आणि चौकशीत मंडळ अधिकाऱ्याने विचारलं तर खरं तेच सांगायचं, हेही सांगा. शेजारी काय ठरावाने करतो, काही देतो का, लिहिलेलं काही आहे का, हे मात्र वेगळ्या कागदावर नोंदवून घरात ठेवा.

‘मी आसय तोपर्यंत कोणी विकू नये’ ही तिची इच्छा आहे आणि तलाठ्याच्या हातात ती नाही. वारस नोंदीच्या अर्जावर तो विक्रीला बंदी घालू शकत नाही. सगळ्या वारसांची नावं लागली की एकट्याला सगळी जमीन परस्पर विकणं अवघड होतं, एवढा उपयोग आपोआप मिळतो. पण सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, हेही तिला खरं खरं सांगा, नाही तर अर्ज दिल्यावर आपली जमीन आता कोणी विकू शकत नाही अशा समजुतीत ती राहील. हे वाक्य अर्जातून काढा आणि वकिलाला दाखवायच्या पानावर लिहा. ‘माझ्या मागे घर धाकट्याक’ हेही त्याच पानावर. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं. त्यावर तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. त्यात ती फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहू शकते. तलाठ्याच्या अर्जात ही ओळ राहिली तर घराला तिचा काही उपयोग होत नाही, थोरल्याला आणि मुलीला मात्र ती नोटिशीच्या वेळी वाचायला मिळते.

घराचं आणखी एक. कोकणात घर बहुधा सातबाऱ्याच्याच जागेत असतं आणि घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. जमिनीला वारस नोंद झाली म्हणून घरपट्टीचं नाव बदलत नाही. म्हणून ‘घराकडची जागा’ म्हणताना मावशीच्या मनात फक्त जमीन आहे की घरही, हे विचारा. घरही असेल तर ग्रामपंचायतीला दुसरा, लहानसा अर्ज करा.

आता मसुद्यात जे नाहीच, ते. वारसांची यादी पुरी हवी, आणि घरच्या माणसाला जे उघड असतं ते तो लिहीत नाही. काकांची आई हयात आहे का? त्यांचं एखादं मूल त्यांच्या आधी वारलं असेल तर त्याची बायको-मुलं आहेत का? आधीच्या लग्नाची मुलं आहेत का? अर्जासोबत वारसांबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात एक जरी वारस राहिला तरी ते खोटं ठरतं, आणि खाली सही मावशीची असते. मुलीचं लग्नानंतरचं नाव लिहून पुढे माहेरचं नाव द्या, म्हणजे वंशावळीशी आणि आधारकार्डाशी दोन्हीकडे जुळतं. थोरल्याचा मुंबईचा पत्ता खोली क्रमांकापर्यंत पूर्ण लिहा, कारण नोटीस तिकडे जाणार आहे.

एवढं झाल्यावर अर्ज लिहायला फार वेळ लागत नाही. मावशीच्या मजकुरावरून तो साधारण असा होईल:

प्रति,
मा. ग्राम महसूल अधिकारी (तलाठी),
सजा ………, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

अर्जदार: श्रीमती ………, वय ७८, रा. मौजे ………, ता. मालवण. फोन ………

विषय: माझे पती कै. ……… ऊर्फ ……… यांच्या निधनामुळे मौजे ……… येथील जमिनींना वारस नोंद होणेबाबत.

महोदय,

माझे पती कै. ……… ऊर्फ ……… यांचे दि. ……… रोजी निधन झाले. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. मौजे ……… येथे खाते क्र. ……… मध्ये त्यांच्या नावे पुढील जमिनी आहेत:

(१) गट क्र. ……, हिस्सा क्र. ……, क्षेत्र …… (भरडावरील आंबा कलमांची जागा)
(२) गट क्र. ……, हिस्सा क्र. ……, क्षेत्र …… (खालचा मळा)
(३) गट क्र. ……, हिस्सा क्र. ……, क्षेत्र …… (घराकडील जागा)

त्यांचे वारस पुढीलप्रमाणे आहेत:

(१) मी स्वतः, श्रीमती ………, पत्नी, वय ७८
(२) ………, थोरला मुलगा, वय ……, रा. मुंबई (पूर्ण पत्ता)
(३) ………, मुलगी, वय ……, माहेरचे नाव ………, रा. ता. देवगड (पूर्ण पत्ता)
(४) ………, धाकटा मुलगा, वय ……, रा. मौजे ………

याशिवाय त्यांना अन्य कोणी वारस नाहीत.

वरील जमिनींना आम्हा सर्वांची नावे वारस म्हणून लावावीत आणि त्यात माझे नाव प्रथम घ्यावे, ही विनंती. वरीलपैकी कोणत्याही वारसाचे नाव वगळावे असे माझे म्हणणे नाही. हा अर्ज केवळ वारस नोंदीसाठी आहे. सध्या जमिनीच्या वाटपाची मागणी मी करीत नाही.

वयामुळे मला वारंवार खेपा घालणे जमत नाही. चौकशीसाठी येण्याचा दिवस आधी कळवावा, ही विनंती.

आपली,
(सही)

दिनांक: ……… ठिकाण: ………

सोबत: मृत्यूचा दाखला, आठ-अ व सातबारा उतारे, वंशावळ, वारसांबाबत प्रतिज्ञापत्र, नावाबाबत प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत.

जागांची तिने लिहिलेली नावं मी कंसात ठेवली आहेत. अभिलेखाला त्यांची गरज नाही, पण मावशीला अर्ज वाचताना कुठली ओळ कुठल्या जागेची ते कळतं, आणि चौकशीला आलेल्या माणसालाही जागा सापडते. ‘नाव वर घाला’ याचं काम यादीतल्या पहिल्या क्रमांकाने आणि एका छोट्या विनंतीने होतं. नावाच्या क्रमाने हिस्सा वाढत किंवा कमी होत नाही, पण तिला तो मान हवाय, तेव्हा तो अर्जात असलाच पाहिजे. हिश्श्यांचे अपूर्णांक मी घातलेले नाहीत. तिने ते मांडलेले नाहीत, आणि जमीन वडिलोपार्जित की काकांनी घेतलेली यावर ते बदलतात. ‘दिवस आधी कळवावा’ हे वाक्य माझं आहे. ‘जमाचा नाय’ यातून ती काय मागते आहे याचा तो अंदाज आहे, म्हणून तिला पटलं तरच ठेवा. ‘कृपावंत होऊन’, ‘सदरहू अर्जदार नम्रपणे निवेदन करते की’ असली भरती करू नका. ‘मी’ हा शब्द सरकारी अर्जात चालतो, आणि तो असला की मावशीला आपलाच अर्ज वाचल्यासारखं वाटतं.

छापताना अक्षर १६ च्या आकाराचं ठेवा, म्हणजे तिला चष्म्याने स्वतः वाचता येईल. कोरी जागा भरण्याआधी सही घेऊ नका. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पण ‘कळला मा?’ एवढ्यावर थांबू नका, त्याला उत्तर नेहमी ‘होय’च येतं. उलट विचारा: ‘थोरल्याबद्दल यात काय लिवलंला आसा? वाटणीबद्दल काय?’ तिने जे सांगितलं ते अर्जाशी जुळलं नाही तर अर्ज दुरुस्त करायचा. मग मूळ पान आणि तुमचा क्रमांकवार कागद घेऊन प्रत्येक वाक्य कुठे गेलं ते तिला दाखवा: हे अर्जात, हे ग्रामपंचायतीला, हे वकिलाच्या पानावर, हे तुझ्या सांगण्यावरून काढलं. हा हिशेब एका रात्रीनंतर, सकाळी ती ताजी असताना केलेला चांगला. सही बँकेत करते तशीच, प्रत्येक पानावर, आणि कुठे हाताने दुरुस्ती झाली असेल तर तिथेही.

वहीचं मूळ पान अर्जाला जोडू नका, त्यात जे गाळलंय ते सगळं पुन्हा फायलीत जाईल. ते घरीच जपून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. अर्ज ऑनलाइन, ई-हक्क प्रणालीतून केलात तर तिथल्या ठरलेल्या रकान्यांत माहिती भरावी लागते आणि ‘माझे नाव प्रथम’, ‘वगळावे असे म्हणणे नाही’ अशा ओळींना जागा मिळत नाही. तेव्हा सहीचा अर्ज कागदपत्रांसोबत स्कॅन करून जोडा.

पुढे तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-क मध्ये, नोंद घेतो. मंडळ अधिकारी वारसांची चौकशी करतो, मग फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवस असतात, त्यानंतर नोंद प्रमाणित होते. या १५ दिवसांत फेरफाराचा मजकूर मिळवून अर्जाशी ओळीने ताडून पाहा: चारही नावं आहेत का, मावशीचं पहिलं आहे का, सगळे गट आणि हिस्सा नंबर आलेत का, आणि तिच्या तोंडी ‘हक्क सोडला’ किंवा ‘वाटप झाले’ असं काही शिरलंय का. चूक दिसली तर नोंद प्रमाणित होण्याआधीच लेखी कळवा. प्रमाणित झाल्यावर लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि वारसच गाळला गेला असेल तर थेट अपिलात जावं लागतं. चौकशीच्या दिवशी मावशीचा जबाब घेतला गेला तर तोही सही करण्याआधी कोणी तरी तिला वाचून दाखवायला हवा, म्हणून त्या दिवशी तुम्ही तिच्यासोबत असा.